‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे काय?

इंग्रजी पत्राच्या तळाशी, सहीच्या जरा वर, एक वाक्य नेहमी भेटतं. नोकरीचा अर्ज असो, कंपनीला पाठवलेली ई-मेल असो, नाहीतर परदेशातल्या साहेबाला लिहिलेला निरोप असो, शेवट ठरलेला असतो : ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.’ म्हणजे, तुम्हाला भेटण्याची मी वाट पाहतो आहे. वाक्य नम्र आहे, अर्थही पोचतो. पण वाक्य चुकलेलं आहे. तिथे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ हवं. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.’

मी मराठीत कविता लिहिणारा, साधा बी.ए. झालेला माणूस. इंग्रजीचा प्राध्यापक नाही. पण महाडसारख्या गावात ज्याला चार ओळी नीट लिहिता येतात असा समज होतो, त्याच्याकडे लोक कागद घेऊन येत राहतात. आमच्याकडे औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या रासायनिक कारखान्यांत अर्ज करणारी मुलं आहेत. खाडीपट्ट्यातल्या घराघरांतून माणसं कुवेत, दुबईला गेलेली आहेत, त्यांचे अर्ज आहेत. आणि या कागदांवर हे एक वाक्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की त्याचा थोडा पाठपुरावा करावासा वाटला. ‘मीट’च्या जागी ‘मीटिंग’ का, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं : तो अपवाद आहे, पाठ करून टाका. मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की तो अपवाद नाही. तो अगदी सरळ नियम आहे, आणि तो नियम प्रत्येक मराठी माणूस आईच्या मांडीवरच शिकलेला असतो.

आधी चूक का होते ते पाहू. शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं, की ‘टू’नंतर क्रियापदाचं पहिलं रूप येतं. ‘आय वॉन्ट टू गो’, ‘ही केम टू सी मी’, ‘शी लाइक्स टू रीड’. हा नियम इतका पक्का बसतो, की ‘टू’ दिसला रे दिसला की हात आपोआप पहिलं रूप लिहितो. त्यातून आपलं मराठी मन ‘भेटायला’ हा शब्द मनात घोळवत असतं. ‘तुम्हाला भेटायला उत्सुक आहे.’ ‘भेटायला’ म्हणजे ‘टू मीट’, हे समीकरण आपण दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच शिकलेलो असतो. म्हणजे नियमही तेच सांगतो आणि भाषांतरही तेच सांगतं. मग चूक होणार नाही तर काय होईल?

गंमत अशी, की ‘टू’ सोडून दुसरा कुठलाही शब्द असला तर हीच माणसं चुकत नाहीत. ‘थँक यू फॉर कमिंग’ सगळे बरोबर म्हणतात. ‘थँक यू फॉर कम’ असं कुणी म्हणत नाही. ‘विदाउट आस्किंग’, ‘आफ्टर ईटिंग’, ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’ हेही बहुतेकांना जमतं. फॉर, विदाउट, आफ्टर, ऑफ यांच्यामागे ‘इंग’ लावायचं हे कानाला माहीत आहे. घोटाळा होतो तो फक्त ‘टू’पाशी. म्हणजे दुखणं ‘टू’मध्ये आहे.

आता मराठीकडे वळू. आपण ‘झाडाखाली’ म्हणतो, ‘झाडखाली’ म्हणत नाही. ‘खाली’ हा शब्दयोगी अव्यय. तो जोडायचा म्हणजे आधी ‘झाड’चं ‘झाडा’ असं सामान्यरूप होतं, आणि मग ‘खाली’ त्याला चिकटतो. शब्दयोगी अव्यय हा नामाचा सोबती आहे. नाम किंवा सर्वनाम असेल तरच त्याचं बस्तान बसतं. मग क्रियापदाला ‘आधी’ जोडायचं असेल तर? ‘जा’ हा धातू. ‘जाआधी’ असं आपण म्हणतो का? नाही. आपण ‘जा’चं आधी ‘जाणं’ करतो. म्हणजे क्रियापदाला नामाचा अंगरखा घालतो. मग ‘जाणं’चं सामान्यरूप ‘जाण्या’, आणि त्याला जोडून ‘जाण्याआधी’. तसंच ‘जाण्याऐवजी’, ‘जाण्याबद्दल’, ‘जाण्यामुळे’. ‘जाणं’ या रूपाला आपल्या व्याकरणात धातुसाधित नाम म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. शाळेची पायरीही न चढलेल्या आमच्या गावच्या आजीबाई हे रूप कधी चुकवत नाहीत.

इंग्रजीची सोय अगदी हीच आहे. फरक एवढाच, की आपला अव्यय शब्दाच्या मागून येतो आणि त्यांचा पुढे उभा राहतो. आपण ‘जाण्याआधी’ म्हणतो, ते ‘बिफोर गोइंग’ म्हणतात. आपण ‘णं’ लावून क्रियापदाचं नाम करतो, ते ‘इंग’ लावून करतात. ‘बिफोर गो’ हे त्यांच्या कानाला तसंच खटकतं, जसं आपल्याला ‘जाआधी’ खटकेल. तिकडे या अव्ययाला प्रेपोझिशन म्हणतात आणि ‘इंग’ लावलेल्या नामाला जेरंड. शब्द परके आहेत, आतली गोष्ट घरचीच आहे.

मग ‘टू’चं काय? इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. दिसायला एक, ऐकायला एक, पण कामं वेगळी. पहिला ‘टू’ हा क्रियापदाच्या पहिल्या रूपाला चिकटलेला खुणेचा शब्द. ‘वॉन्ट टू गो’मधला. दुसरा ‘टू’ हा खराखुरा प्रेपोझिशन, आपल्या ‘कडे’सारखा, ‘ला’सारखा. ‘आय वेंट टू पोलादपूर’मधला. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा दुसरा आहे. वाक्याचे तुकडे करून पाहा. ‘लुक’ म्हणजे पाहणं, ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, ‘टू’ म्हणजे कडे. मी पुढे पाहतो आहे. कशाकडे? मराठीत आपण म्हणू : भेटीकडे डोळे लावून बसलो आहे. ‘भेटण्याकडे’ म्हणू. पण ‘भेटकडे’ किंवा ‘भेटायलाकडे’ असं कुणी म्हणणार नाही. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ हे इंग्रजी कानाला ‘भेटकडे’सारखं वाटतं. समजतं, पण खडा लागतो.

इथे कुणी विचारेल, की ‘मीटिंग’ म्हणजे तर सभा, बैठक. मग ‘मीटिंग यू’ हे कसं? नाम झाल्यावर त्याला पुन्हा ‘यू’ हे कर्म कसं जोडता येतं? याचंही उत्तर मराठीत आहे. आपल्याकडे ‘भेट’ हे नाम आहे आणि ‘भेटणं’ हेही नाम आहे. ‘भेट’ म्हटलं की ‘तुमच्या भेटीची वाट पाहतो’ असं म्हणावं लागतं. ‘भेटणं’ म्हटलं की ‘तुम्हाला भेटण्याची वाट पाहतो’ असं म्हणता येतं. ‘भेटणं’ बाहेरून नाम झालं, पण आतून अजून क्रियापद आहे. त्याला ‘तुम्हाला’ चालतं, ‘लवकर’ चालतं. ‘मीटिंग यू सून’मधलं ‘मीटिंग’ हे असंच आहे. सभेची ‘मीटिंग’ वेगळी, ही वेगळी.

दुसरी एक अडचण मी ऐकली आहे. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असं लिहिलं की वाक्यात दोनदा ‘इंग’ येतं, आणि ते कानाला बरं वाटत नाही म्हणून काही जण दुसरं काढून टाकतात. यमकाच्या बाबतीत कवीही इतका कडक नसतो! ही दोन्ही ‘इंग’ एकमेकांची कुणी लागत नाहीत. पहिलं काळ दाखवतं, मी ‘पाहत’ आहे, त्यातल्या ‘त’सारखं. दुसरं नाम बनवतं, ‘भेटणं’मधल्या ‘णं’सारखं. दोन्ही राहिली पाहिजेत. एकदा ‘इंग’ असलेलं ‘आय लुक फॉरवर्ड’ जरा औपचारिक, अर्जाला शोभणारं. दोनदा असलेलं जरा घरगुती. पुढच्या ‘मीटिंग’मध्ये दोन्हीकडे बदल नाही.

एकाच शब्दाचे असे दोन ‘टू’ का झाले असावेत? ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पहिला ‘टू’सुद्धा प्रेपोझिशनच होता. ‘पिण्यासाठी’ म्हणायचं तर ते ‘टो ड्रिंकेन्ने’ असं काहीसं म्हणत. शेवटचं ‘एन्ने’ म्हणजे क्रियापदाच्या नामरूपाला लागलेला विभक्तीचा प्रत्यय. आता आपलं ‘प्यायला’ घ्या. जुन्या पत्रांत ‘भेटावयास येणे’, ‘करावयास सांगणे’ असं लिहीत. ‘भेटावयास’चं झालं ‘भेटायला’. त्यातला ‘ला’ हा ‘घराला’, ‘गावाला’मधलाच ‘ला’. म्हणजे दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली होती. पुढे इंग्रजीतले शेवटचे प्रत्यय काही शतकांत झिजून गेले. ‘ड्रिंकेन्ने’चं नुसतं ‘ड्रिंक’ उरलं, आणि अलीकडचा ‘टू’ बिचारा नुसत्या धातूला चिकटून खुणेचा शब्द होऊन बसला. पण ‘गावाकडे’मधला जो ‘टू’, तो प्रेपोझिशनच राहिला. त्याला क्रियापद जोडायची वेळ आली, तेव्हा भाषेने ‘इंग’चं नाम वापरलं. आपला ‘प्यायला’ आणि ‘पिण्याला’ हे रूपांनी वेगळे राहिले, म्हणून आपला गोंधळ होत नाही. इंग्रजीचा ‘टू’ दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून होतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. समोर ‘टू’ आला, तर तो पहिला की दुसरा, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एक साधी कसोटी आहे. ‘टू’च्या पुढचं सगळं झाकून टाका आणि तिथे ‘इट’ हा छोटा शब्द ठेवा. ‘इट’ हे सर्वनाम. ते प्रेपोझिशनच्या पुढे सुखाने बसतं, पण खुणेच्या ‘टू’पुढे बसू शकत नाही. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’, बसलं. म्हणजे हा प्रेपोझिशन, म्हणजे क्रियापदाला ‘इंग’ हवं. ‘आय वॉन्ट टू इट’, बसलं नाही. म्हणजे हा खुणेचा ‘टू’, क्रियापद आहे तसं राहू दे.

ही कसोटी एका खऱ्या कागदावर चालवून पाहू. मागे पोलादपूरकडचा एक मुलगा अर्ज दाखवायला आला होता. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला. खेडकडच्या एका कारखान्यात त्याने काही महिने रात्रपाळी केली होती, आणि आता आमच्या वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा होती. अर्जात ‘टू’ची पाच वाक्यं होती. मी त्याला म्हटलं, “पेन्सिल घे आणि प्रत्येक ‘टू’ला गोल कर. मग एकेकाच्या पुढे ‘इट’ ठेवून मोठ्याने वाच.”

पहिलं वाक्य, ‘आय वॉन्ट टू जॉइन युवर लॅबोरेटरी’. ‘आय वॉन्ट टू इट’ बसत नाही. ‘जॉइन’ बरोबर.

दुसरं, ‘आय यूज्ड टू टीच केमिस्ट्री’. कॉलेजात असताना तो शिकवण्या घेत असे. ‘आय यूज्ड टू इट’ बसत नाही. ‘टीच’ बरोबर.

तिसरं, ‘आय ॲम यूज्ड टू डू नाइट शिफ्ट’. इथे तो अडखळला. “चाचा, हे तर आधीसारखंच आहे.” मी म्हटलं, “वाचून तर बघ.” ‘आय ॲम यूज्ड टू इट’. बसलं. म्हणजे इथे ‘डूइंग’ हवं. मधल्या एका छोट्या ‘ॲम’ने ‘टू’ची जात बदलली, आणि अर्थही बदलला. ‘यूज्ड टू टीच’ म्हणजे पूर्वी शिकवत असे, आता नाही. ‘ॲम यूज्ड टू डूइंग’ म्हणजे मला त्याची सवय आहे. घाईत ‘ॲम’ गळलं असतं, तर वाक्य झालं असतं ‘आय यूज्ड टू डू नाइट शिफ्ट’, पूर्वी रात्रपाळी करायचो, आता करत नाही. ज्या कारखान्याला रात्रपाळीचा माणूस हवा आहे, तो हा अर्ज बाजूला ठेवील. म्हणून मी म्हणतो, की हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न नाही.

चौथं वाक्य गमतीचं होतं. ‘आय हॅव नो ऑब्जेक्शन टू ट्रॅव्हल’. ‘इट’ ठेवलं, बसलं. मुलगा लगेच ‘ट्रॅव्हलिंग’ करायला निघाला. मी थांबवलं. ‘ट्रॅव्हल’ हा शब्द इंग्रजीत मुळातच नामही आहे. प्रवास आणि प्रवास करणं, दोन्ही. ज्याच्या अंगात आधीच अंगरखा आहे, त्याला दुसरा घालायची सक्ती नाही. ‘नो ऑब्जेक्शन टू ट्रॅव्हल’ चालतं, ‘टू ट्रॅव्हलिंग’ही चालतं. पण त्याच वाक्याचा पुढचा भाग होता ‘अँड टू लिव्ह इन महाड’. ‘लिव्ह’ हे नाम नाही. तिथे ‘लिव्हिंग’ हवंच.

पाचवं वाक्य आपलं ओळखीचं. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’. आता त्याला सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच ‘इट’ ठेवलं आणि ‘मीटिंग’ केलं.

इथवर सगळं गोड आहे. पण कसोटीची हद्दही सांगायला हवी, नाहीतर तिच्यावर नको तेवढा विश्वास बसेल. ‘इट’ बसलं नाही, तर निकाल पक्का, क्रियापदाचं पहिलं रूपच. पण ‘इट’ बसलं, तर बहुतेक वेळा ‘इंग’, प्रत्येक वेळी नाही. ‘एन्टायटल्ड’ हा शब्द घ्या, म्हणजे हक्कदार. ‘यू आर एन्टायटल्ड टू इट’ हे बरोबर आहे. ‘टू अ रिफंड’ हेही बरोबर. पण क्रियापद आलं की ‘एन्टायटल्ड टू रिसीव्ह’, ‘एन्टायटल्ड टू व्होट’ असंच म्हणतात, ‘रिसीव्हिंग’ म्हणत नाहीत. ‘अग्री’चंही तसंच. ‘ही अग्रीड टू इट’ चालतं, पण स्वतः पैसे द्यायला तयार झाला तर ‘ही अग्रीड टू पे’. या शब्दांनी दोन्ही ‘टू’ पाळले आहेत, नामाशी एक आणि क्रियापदाशी दुसरा. काही शब्द तर शतकानुशतकं चालत या घरातून त्या घरात गेले. ‘अकस्टम्ड टू’ म्हणजे सवय असलेला. जुन्या, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत ‘अकस्टम्ड टू डू’ सर्रास सापडतं. आज ‘अकस्टम्ड टू डूइंग’ लिहितात. वाचनालयातलं जुनं पुस्तक काढून कुणी तुमच्याशी वाद घातला, तर तो खोटं बोलत नसतो, फक्त त्याचं पुस्तक जुनं असतं.

म्हणून शेवटची खात्री शब्दकोशात करायची. पण कुठल्या? खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश इथे कामाचा नाही. तो ‘लुक फॉरवर्ड टू’चा अर्थ ‘वाट पाहणे’ असा देईल, पण पुढे काय येतं ते सांगणार नाही. त्यासाठी परभाषक विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश लागतो. अशा कोशांचा मोठा आरंभ केला तो ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने. तो जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. जपानी मुलांना अर्थ कळे, पण शब्दापुढे कुठलं रूप येतं ते कळत नसे, अगदी आपल्यासारखंच. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक क्रियापदाच्या पुढे काय येऊ शकतं ते नोंदवलेला कोश तयार केला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला, आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. आज ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जो जाडजूड कोश ओळखला जातो, तो हाच. तो आता इंटरनेटवर फुकट पाहता येतो. केंब्रिजचा, लाँगमनचा असे त्याचे भाऊबंदही आहेत.

त्यात बघायचं कसं, हेही सांगतो, कारण पुष्कळ जण कोश उघडतात आणि हवं ते न सापडल्याने मिटवतात. ‘लुक फॉरवर्ड टू’ हे ‘फॉरवर्ड’खाली शोधू नका, ‘लुक’खाली शोधा. ‘लुक’ची नोंद लांबलचक आहे. तिच्या शेवटी ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’ अशी जोडशब्दांची वेगळी यादी असते, तिथे ते मिळेल. मिळालं की अर्थ वाचून थांबू नका. अर्थाच्या शेजारी रूपाचा साचा दिलेला असतो. समथिंग या शब्दाचं आखूड रूप `sth` असं छापतात. साच्यात `doing sth` दिसलं तर ‘इंग’. साच्यात `to do sth` दिसलं तर पहिलं रूप. दोन्ही दिसली तर दोन्ही चालतात, आणि मग दोघांच्या उदाहरणांतून अर्थात काही फरक आहे का ते पाहायचं. ‘एन्टायटल’ काढलंत तर तिथे `to do sth` हा साचा दिसेल. आपली ‘इट’ची कसोटी जिथे फसली, तिथे कोशाने हात दिला.

हल्लीची मुलं म्हणतात, कोश कशाला, गूगलवर टाकलं की कळतं. टाका, पण जपून. नुसत्या शोधात ‘लुक फॉरवर्ड टू मीट’ची ढिगाने पानं निघतील, कारण चुकीचं लिहिणारेही आपणच आहोत आणि शोधणारेही आपणच. चूक किती पसरली आहे ते त्यातून कळतं, बरोबर काय ते कळत नाही. त्यापेक्षा गूगलचंच दुसरं एक साधन बरं, २०१० साली निघालेलं. त्याचं नाव `Google Books Ngram Viewer`. ते छापील पुस्तकांतून एखादा शब्दसमूह कुठल्या वर्षी किती वेळा आला, याची रेघ काढून दाखवतं. त्यात दोन्ही रूपं मध्ये स्वल्पविराम देऊन टाकायची, अशी :

```
look forward to meeting,look forward to meet
```

‘मीटिंग’ची रेघ कितीतरी वर असलेली दिसेल, ‘मीट’ची तळाशी सरपटताना दिसेल. पण ती अगदी शून्य नसते, आणि इथे लोक फसतात. ‘बघा, पुस्तकांतही आहे!’ पुस्तकांतही चुका छापल्या जातात, हे एक. दुसरं असं, की यंत्र शब्द मोजतं, अर्थ मोजत नाही. समजा वाक्य असं आहे, की खर्च भागवण्यासाठी आपण ज्या पैशाची वाट पाहतो तो पैसा : ‘द मनी वी लुक फॉरवर्ड टू, टू मीट द एक्स्पेन्स’. इथे दोन ‘टू’ शेजारी आले. एखाद्या लेखकाने त्यातला एक गाळला, की यंत्राच्या हिशेबात ते ‘लुक फॉरवर्ड टू मीट’ झालं. तिथे ‘मीट’ म्हणजे भेटणंही नाही, भागवणं आहे. म्हणून रेघेकडे साक्षीदार म्हणून पाहा, न्यायाधीश म्हणून नको. निकाल कोशाचा.

आणखी एका वाक्प्रचाराचा उल्लेख करतो, कारण तो सरकारी आणि कचेरीच्या इंग्रजीत फार फिरतो. ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह द रोड’. रस्ता सुधारण्याच्या दृष्टीने. मराठीत आपण ‘सुधार दृष्टीने’ म्हणत नाही, ‘सुधारायला दृष्टीने’ही म्हणत नाही. ‘सुधारण्याच्या’ म्हणतो, नाम करूनच. इंग्रजीतही ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग’ हेच रीतसर. आपली मराठी इथे हाताला धरून बरोबर जागी नेते. फक्त ‘टू’ दिसल्यावर शाळेतल्या नियमाकडे पळण्याआधी तिच्याकडे एकदा वळून पाहायला हवं.

जाता जाता तीन वाक्यं देतो, घरी ‘इट’ ठेवून पाहा. पहिलं, बँका आणि कचेऱ्या लिहितात ते, ‘वी आर प्लीज्ड टू इन्फॉर्म यू’. दुसरं, ‘ही ऑब्जेक्टेड टू पे द फाइन’. तिसरं, ‘शी इज डिव्होटेड टू टीच द पुअर’. पहिल्यात ‘प्लीज्ड टू इट’ बसत नाही, तेव्हा ‘इन्फॉर्म’ला हात लावू नका. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात बसतं, म्हणून तिथे ‘पेइंग’ आणि ‘टीचिंग’. शंका उरली तर ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘डिव्होटेड’ कोशात काढा. ‘ऑब्जेक्ट’च्या शेजारी `doing sth` छापलेलं आढळेल.